कूपन लावल्यावर चेकआउट, यूपीआय आणि बिल यांचे आकडे का जुळत नाहीत

प्रश्न : आमचे म्हापशात कपड्यांचे आणि काजूचे दुकान आहे आणि आता वेबसाइटवरूनही विक्री होते. किमती करासह लावल्या आहेत. कूपन लावले की चेकआउटवरची रक्कम, ग्राहकाच्या खात्यातून गेलेली रक्कम आणि पीडीएफ बिलावरची रक्कम कधी एका पैशाने, तर शर्ट असला की थेट काहीशे रुपयांनी वेगळी येते. काही बिलांत सीजीएसटी-एसजीएसटी लागतो, काहींत आयजीएसटी. कर नेमका केव्हा आणि कसा काढायचा आणि बिलावर पेमेंट कसे दाखवायचे?

उत्तर : एकच हिशोब तीन ठिकाणी, तीन वेगवेगळ्या क्रमांनी मांडला जात असेल तर असे होते. कार्टचे पान आपल्या पद्धतीने कर काढते, ग्राहकाचे पैसे स्वीकारणाऱ्या पेमेंट गेटवेकडे जाणारी रक्कम दुसरीकडून येते आणि पीडीएफ तयार करणारा भाग जतन केलेल्या किमतीवरून तिसऱ्यांदा गणित करतो. हिशोब ऑर्डर नक्की होताना एकदाच करावा, प्रत्येक ओळीचे करपात्र मूल्य, कराचा दर आणि कराची रक्कम ऑर्डरमध्येच साठवावी आणि पुढे गेटवेला, बिलाला आणि विवरणपत्राला तेच आकडे द्यावेत, हे पहिले काम. पैशाचा फरक त्याने मिटेल. शर्टाचा काहीशे रुपयांचा फरक मात्र त्याने मिटणार नाही, कारण तो संगणकाचा नसून दराच्या रचनेतला आहे. त्याकडे मी थोड्या वेळाने येतो.

आधी करासह किमतीविषयी. काजूच्या बंद पाकिटावरची एमआरपी कायद्यानेच सर्व करांसह असते, त्यामुळे तिच्यावर चेकआउटला कर चढवण्याचा प्रश्नच येत नाही. आपण तेथे कर मिळवत नाही, तर ग्राहकाने द्यायच्या रकमेच्या पोटात असलेला कर वेगळा काढून दाखवतो. 5 टक्के दराच्या 105 रुपयांत कर 5 रुपये असतो. 105 चे 5 टक्के म्हणजे 5.25 नव्हेत. ही चूक बाळबोध वाटेल, पण तयार थीमवर चालणाऱ्या दुकानांत मी ती अनेकदा पाहिली आहे. ‘किंमत करासह’ हा पर्याय उत्पादनाच्या पानावर निवडलेला असतो आणि डिलिव्हरीच्या शुल्कासाठी निवडायचा राहून जातो, मग एकाच बिलात दोन पद्धती नांदतात.

कोणता कर लागेल हे पत्त्यावर ठरते, आणि येथे अंतर कामाचे नसून राज्य कामाचे आहे. म्हापशाहून काणकोणला पाठवलेले पार्सल गोव्याचे दुसरे टोक गाठते, तरी त्यावर केंद्राचा सीजीएसटी आणि राज्याचा एसजीएसटी असे दोन सारखे भाग लागतात. पत्रादेवीची सीमा ओलांडून महाराष्ट्रात बांद्याला गेलेल्या पार्सलवर आयजीएसटी हा एकच कर लागतो. ग्राहकाचा पैशांचा आकडा दोन्हीकडे सारखाच राहतो, फक्त कराची वाटणी बदलते. जीएसटी नोंदणी नसलेल्या ग्राहकासाठी 1 ऑक्टोबर 2023 पासून नियम असा आहे की बिलावर नोंदवलेला ग्राहकाचा पत्ता हेच पुरवठ्याचे स्थान धरायचे. पत्ता नोंदवला नसेल तर विक्रेत्याचे ठिकाण धरायचे, आणि नुसते राज्याचे नाव लिहिले तरी पत्ता नोंदवला असे मानले जाते. ऑनलाइन ऑर्डरमध्ये बिलाचा पत्ता पणजीचा आणि माल पोचवायचा पत्ता सावंतवाडीचा असेल, तर 2024 च्या परिपत्रकाने माल पोचवायचा पत्ता ग्राह्य धरला आहे. म्हणून चेकआउटच्या पानाने डिलिव्हरीचा पत्ता आणि राज्य घेतल्याशिवाय कराची ओळ दाखवूच नये. राज्य निवडण्यासाठी यादी द्यावी, हाताने टाइप करू देऊ नये. गोव्याचे पिनकोड 403 ने सुरू होतात, तेव्हा निवडलेले राज्य आणि पिनकोड विसंगत दिसले की तेथेच थांबवणे सोपे जाते.

आपल्याकडे याला एक वळण आहे, ते पर्यटकांमुळे. पुण्याचा ग्राहक वेबसाइटवर ऑर्डर देतो, ‘दुकानातून घेईन’ हा पर्याय निवडतो आणि सुट्टीवर आला की म्हापशात माल उचलतो. वेबसाइटवरच्या त्याच्या नोंदणीतला पुण्याचा पत्ता बिलावर आपोआप छापला गेला, तर पुरवठ्याचे स्थान महाराष्ट्र होते आणि आयजीएसटी लावावा लागतो, माल काउंटरवर दिला असला तरी. पत्ता न छापता बिल दिले तर ते गोव्यातले बिल. बिलावर महाराष्ट्राचा पत्ता आणि कराच्या रकान्यात सीजीएसटी-एसजीएसटी असे मिश्रण मात्र चालत नाही, आणि तुमच्या ‘काही बिलांत’ नेमके हेच झाले असण्याची शक्यता मला जास्त वाटते. ग्राहकाने जीएसटी क्रमांक दिला तर नियम वेगळा आहे. पणजीच्या नोंदणीकृत हॉटेलने माल मागवला आणि तो सावंतवाडीच्या तिसऱ्याच व्यक्तीकडे पाठवायला सांगितला, तर पुरवठ्याचे स्थान हॉटेलच्या व्यवसायाच्या मुख्य ठिकाणी, म्हणजे गोव्यात राहते.

आता शर्टाकडे येऊ. 22 सप्टेंबर 2025 पासून तयार कपड्यांना नगाचे विक्रीमूल्य 2,500 रुपयांपर्यंत असेल तर 5 टक्के आणि त्याहून जास्त असेल तर 18 टक्के दर आहे. हे विक्रीमूल्य सवलत वजा करून आणि कर वगळून मोजायचे असते. तुम्ही किंमत करासह लावता, म्हणून दर ठरवायला करपात्र मूल्य लागते आणि करपात्र मूल्य काढायला दर लागतो. बहुतेक किमतींना ही गाठ सुटते, काहींना सुटतच नाही.

तुमच्या दुकानात लिननचा शर्ट करासह 2,999 रुपयांना आहे असे धरा. 18 टक्के धरून मागे गेलो तर करपात्र मूल्य 2,541.53 येते. ते 2,500 पेक्षा जास्त आहे, म्हणजे 18 टक्के बरोबर. आता ग्राहक 10 टक्क्यांचे कूपन लावतो आणि किंमत 2,699.10 होते. 18 टक्के धरले तर करपात्र मूल्य 2,287.37 निघते, ते 2,500 च्या आत, म्हणजे दर 5 टक्के हवा. 5 टक्के धरले तर करपात्र मूल्य 2,570.57 निघते, ते 2,500 च्या वर, म्हणजे दर 18 टक्के हवा. दोन्हीकडून चुकते. कारण सोपे आहे : 2,500 वर 5 टक्के मिळवले की 2,625 होतात आणि 2,500 च्या वर एक पैसा जाऊन 18 टक्के मिळवले की 2,950 ओलांडले जातात. सवलत वजा जाता 2,625 च्या वर आणि 2,950 पर्यंत पडणाऱ्या कोणत्याही करासह किमतीला नियमात बसणारे उत्तरच नाही.

तुमच्या आकड्यांत शेकड्यांचा फरक येथूनच येतो. कार्टने उत्पादनाचा साठवलेला 18 टक्के दर कायम ठेवून 2,699.10 दाखवले असतील. बिल तयार करणाऱ्या भागाने सवलतीनंतरचे 2,287.37 हे मूल्य पाहून 5 टक्के दर निवडला असेल आणि त्यावर 114.37 कर मिळवून 2,401.74 छापले असतील. खात्यातून गेले 2,699.10 आणि बिल निघाले 2,401.74 चे, म्हणजे 297.36 चा फरक. तुमच्या नोंदींत असाच आकडा सापडला तर निदान पक्के झाले असे समजा. अशा ऑर्डरमध्ये ग्राहकाकडून 18 टक्क्यांच्या हिशोबाने कर घेऊन 5 टक्क्यांचे बिल दिले गेले आहे. ग्राहकाने तक्रार केली नाही म्हणून ते पैसे आपले होत नाहीत. ते परत करावे लागतात.

उपाय किमतीतच आहे. सवलतीनंतर नगाची किंमत या पट्ट्यात पडली की चेकआउटने ती आपोआप 2,625 वर आणावी. हे उदारपणाचे वाटते, पण हिशोब पाहा. 2,699.10 घेऊन 18 टक्के कर भरला असता तर दुकानाच्या हाती 2,287.37 राहिले असते; 2,625 घेऊन 5 टक्के कर भरला तर 2,500 राहतात. ग्राहकाला शर्ट आणखी 74.10 ने स्वस्त पडतो आणि दुकानाला 212.63 जास्त मिळतात. पुढे जाऊन मी असेही विचारीन की मुळात 2,999 किंमत ठेवावीच का? त्या किमतीला दुकानाच्या हाती 2,541.53 येतात, म्हणजे 2,625 च्या तुलनेत फक्त 41.53 जास्त, आणि ग्राहकाला मात्र 374 रुपये जास्त मोजावे लागतात. उरलेले सगळे करात जातात. किंमत ठरवणे हा तुमचा प्रश्न आहे, पण कूपनची मोहीम सुरू करण्याआधी 2,950 पासून साधारण 3,300 पर्यंतच्या शर्टांची यादी एकदा डोळ्यांखालून घाला. 10 टक्क्यांच्या कूपनने 2,625 ते 2,950 च्या पट्ट्यात कोसळणारे शर्ट तेच असतात.

एक सावधगिरी आणखी. मर्यादा नगाला आहे, बिलाच्या ओळीला नाही. 1,500 च्या दोन शर्टांची ओळ 3,000 ची होते, म्हणून त्यांना 18 टक्के लावणारी प्रणाली मी पाहिली आहे. ओळीची रक्कम संख्येने भागून मगच दर ठरवायला हवा.

आता एक संपूर्ण ऑर्डर घेऊ. ग्राहक म्हापशाचाच आहे, पण माल सावंतवाडीला बहिणीकडे पाठवायचा आहे. जीएसटी क्रमांक दिलेला नाही. कार्टमध्ये प्रत्येकी 640 रुपयांची भाजलेल्या खाऱ्या काजूची दोन पाकिटे आहेत, वर सांगितलेला एक शर्ट आहे, डिलिव्हरीचे 90 रुपये आहेत आणि 10 टक्क्यांचे कूपन वस्तूंवर लागू आहे. काजूला दर 5 टक्के. पुरवठ्याचे स्थान महाराष्ट्र, राज्य संकेतांक 27, म्हणून आयजीएसटी.

सवलतीनंतर काजूची रक्कम 1,152 होते आणि शर्ट 2,625 वर येतो. डिलिव्हरीचे शुल्क विक्रेताच आकारतो तेव्हा ते मालाच्या मूल्याचा भाग धरले जाते आणि मालाचाच दर त्याला लागतो. येथे दोन्ही वस्तू 5 टक्क्यांच्या असल्याने प्रश्न सुटतो. एखादी वस्तू 18 टक्क्यांची असती तर मी 90 रुपये दोन्ही वस्तूंच्या मूल्यांच्या प्रमाणात विभागून प्रत्येक भागाला त्या-त्या वस्तूचा दर लावला असता. ग्राहकाने द्यायची एकूण रक्कम 3,867 झाली. प्रत्येक ओळीचा कर पुढील सूत्राने काढायचा, आणि सगळ्या रकमा पैशांत, पूर्णांकातच ठेवायच्या :

```
tax     = round(price * rate / (100 + rate))
taxable = price - tax
```

काजूच्या ओळीत कर 54.86 आणि करपात्र मूल्य 1,097.14 येते. शर्टाच्या ओळीत 125 आणि 2,500, डिलिव्हरीच्या ओळीत 4.29 आणि 85.71. करपात्र मूल्यांची बेरीज 3,682.85, करांची बेरीज 184.15, आणि दोन्ही मिळून बरोबर 3,867. येथे मूल्य वजाबाकीने काढले आहे, भागाकाराने वेगळे काढलेले नाही, म्हणून प्रत्येक ओळ ग्राहकाने दिलेल्या रकमेला पैशापर्यंत जुळते.

आता तुमच्या एका पैशाचा उगम पाहा. बिल छापणाऱ्या भागाने ओळींचे कर न घेता एकूण करपात्र मूल्यावर, म्हणजे 3,682.85 वर, पुन्हा 5 टक्के काढले तर 184.1425 येतात आणि ते 184.14 होतात. बिल 3,866.99 चे, पेमेंट 3,867 चे. कोणाचेच गणित चुकलेले नाही, फक्त पूर्णांकन वेगळ्या जागी झाले. म्हणून बिलाच्या तळाचा कर ही ओळींची बेरीजच असली पाहिजे, नवा हिशोब नव्हे.

हेच पार्सल काणकोणला जायचे असते तर आणखी एक खाच आली असती. डिलिव्हरीवरचा 4.29 कर सीजीएसटी आणि एसजीएसटी यांत सारखा वाटता येत नाही, 2.145 चे दोन्हीकडे 2.15 केले तर एक पैसा वाढतो, 2.14 केले तर एक पैसा घटतो. काही प्रणाली एका बाजूला 2.15 आणि दुसऱ्या बाजूला 2.14 लावून मोकळ्या होतात, पण हे दोन कर सारखेच असायला हवेत. राज्यांतर्गत विक्रीत आधी अर्धा कर काढावा आणि मूल्य शेवटी वजाबाकीने घ्यावे :

```
half    = round(price * rate / (2 * (100 + rate)))
taxable = price - 2 * half
```

असे केल्यावर डिलिव्हरीचा कर 2.14 अधिक 2.14 आणि मूल्य 85.72 होते. संपूर्ण ऑर्डरला सीजीएसटी 92.07, एसजीएसटी 92.07, करपात्र मूल्य 3,682.86, एकूण पुन्हा 3,867. सावंतवाडीच्या बिलात कर 184.15 आणि काणकोणच्या बिलात 184.14 दिसतो, आणि दोन्ही बरोबर आहेत. हिशोबनीसाला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो एक दिवस हा पैसा शोधण्यात घालवील. एकूण रक्कम पूर्ण रुपयांत आणायची असेल तर ‘राउंड ऑफ’ अशी वेगळी ओळ कराच्या खाली घ्यावी, कराच्या आकड्यात ती लपवू नये, आणि गेटवेला जाणारी रक्कम ती ओळ धरूनच असावी.

रक्कम एकदा अशी पक्की झाली की पेमेंट सुरू होते. बहुतेक गेटवे रक्कम पैशांत पूर्णांक म्हणून घेतात, म्हणजे आपल्या ऑर्डरसाठी 386700. हा आकडा ग्राहकाच्या ब्राउझरमधून न घेता साठवलेल्या ऑर्डरमधून घ्यावा. पेमेंट झाल्याचा निरोप गेटवे तुमच्या सर्व्हरला पाठवतो, त्याला वेबहुक म्हणतात, आणि तो दोनदा येऊ शकतो, उशिरानेही येऊ शकतो. मी ज्या एका दुकानाचे काम पाहत होतो तेथे वेबहुक आला की लगेच बिल तयार करण्याची सोय आम्हीच केली होती. एका महिन्यात विक्री जमेपेक्षा जास्त दिसू लागली आणि फरक काही ठरावीक ऑर्डरींच्या रकमांशी तंतोतंत जुळला. एकाच पेमेंटचा निरोप दोनदा आला होता आणि प्रत्येक वेळी नव्या क्रमांकाचे बिल निघाले होते. ती सगळी जास्तीची बिले क्रेडिट नोटा काढून रद्द करावी लागली. तेव्हापासून मी एका ऑर्डरला एकच बिल, ही अट डेटाबेसमध्येच घालतो, आणि वेबहुककडून फक्त पैसे मिळाल्याची नोंद करून घेतो.

याचे दुसरे कारण असे की मालाच्या विक्रीत बिलाची तारीख पैशांशी बांधलेली नसून माल निघण्याशी बांधलेली आहे; माल पाठवताना किंवा त्याआधी बिल झाले पाहिजे. मालासाठी घेतलेल्या आगाऊ रकमेवर त्या क्षणी कर देय होत नाही, सेवेच्या बाबतीत मात्र होतो. 31 मार्चच्या रात्री पैसे आले आणि पार्सल 2 एप्रिलला निघाले, तर बिल पार्सलसोबत काढता येते आणि ते नव्या आर्थिक वर्षाच्या मालिकेतले असते, उदाहरणार्थ `GA/26-27/00001`. बिलाचा क्रमांक जास्तीत जास्त 16 अक्षरांचा, सलग आणि वर्षात पुन्हा न येणारा असावा लागतो. ऑर्डरचा क्रमांक बिलाचा क्रमांक म्हणून वापरू नये, कारण अर्धवट सोडलेल्या आणि फसलेल्या पेमेंटच्या ऑर्डरींमुळे त्यात भोके पडतात आणि प्रत्येक भोकाचे स्पष्टीकरण देत बसावे लागते.

आता बिलाच्या पानाकडे. वरच्या भागात तुमचे नाव, पत्ता, जीएसटी क्रमांक, बिलाचा क्रमांक व तारीख, ग्राहकाचे नाव व सावंतवाडीचा पत्ता आणि ‘पुरवठ्याचे स्थान : महाराष्ट्र (27)’. प्रत्येक ओळीत वर्णन, संख्या, करपूर्व किंमत, सवलत, करपात्र मूल्य, दर, कराची रक्कम. विक्रीच्या वेळी दिलेली सवलत बिलावर दिसली तरच ती मूल्यातून वजा होते, म्हणून हा रकाना सोडू नका. काजूच्या ओळीत करपूर्व 1,219.05, सवलत 121.91, मूल्य 1,097.14 असे येईल. शर्टाच्या ओळीत करपूर्व 2,541.53, सवलत 41.53 आणि मूल्य 2,500 येईल. हे पाहून ग्राहक हमखास विचारतो की कूपन 10 टक्क्यांचे असताना 41 रुपयांचीच सूट कशी. त्याचे 374 रुपये वाचलेले असतात, पण त्यातले 332.47 दर 18 वरून 5 टक्क्यांवर आल्यामुळे वाचलेले आहेत आणि तो भाग सवलतीच्या रकान्यात मांडता येत नाही. अशा ओळीखाली ‘करासह मूळ किंमत 2,999, आकारलेली किंमत 2,625’ अशी बारीक अक्षरांतली ओळ घातल्यापासून आमच्याकडचे असे फोन जवळजवळ थांबले.

पेमेंटची माहिती एकूण रकमेच्या खाली, वेगळ्या चौकटीत द्यावी. मिळालेली रक्कम 3,867, मार्ग यूपीआय, पैसे मिळाल्याची तारीख, 12 अंकी यूपीआय संदर्भ क्रमांक, ऑर्डर क्रमांक आणि बाकी शून्य. बिलाची तारीख आणि पेमेंटची तारीख वेगळ्या असतील तर तशाच दिसू द्या. ही चौकट कराच्या नियमांनी मागितलेली नाही. ग्राहकाला त्याच्या बँकेच्या नोंदीशी बिल जुळवता यावे आणि तुम्हाला सहा महिन्यांनी एखादे पेमेंट शोधता यावे, एवढ्यासाठी ती आहे. तिच्यात काय जाते आणि काय जात नाही हे मात्र नीट पाळावे लागते. कूपन ही सवलत आहे, ते कर काढण्याआधी वजा होते. गिफ्ट कार्ड हा पैसे देण्याचा मार्ग आहे, त्याची जागा या चौकटीत आहे आणि कर पूर्ण मूल्यावर लागतो. आपल्या ग्राहकाने 500 रुपये गिफ्ट कार्डातून दिले असते तर बिल 3,867 चेच राहिले असते आणि चौकटीत 500 व 3,367 अशा दोन ओळी आल्या असत्या.

गेटवेने कापलेले शुल्क तर बिलावर कोठेच येत नाही. कार्डाने पैसे दिले आणि गेटवेचा दर 2 टक्के असेल, तर 77.34 शुल्क आणि त्यावर 18 टक्क्यांनी 13.92 कर कापून तुमच्या खात्यात 3,775.74 येतील. विक्री 3,867 चीच आहे. ते शुल्क तुमचा खर्च आहे आणि त्यावरचा कर, गेटवेकडे तुमचा जीएसटी क्रमांक नोंदवलेला असेल तर, तुमच्या इनपुट क्रेडिटमध्ये येतो. बँकेत जमा झालेल्या रकमेलाच विक्री समजून विवरणपत्र भरणारे लोक मी पाहिले आहेत. ते कर कमी भरतात आणि क्रेडिटही गमावतात.

पीडीएफ बिलाला पुष्कळ लोक ‘ई-इनव्हॉइस’ म्हणतात, त्याने घोटाळा होतो. सरकारी पोर्टलवर नोंदवून क्रमांक घ्यावा लागणारे ई-इनव्हॉइस 5 कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना आणि नोंदणीकृत खरेदीदारांच्या किंवा निर्यातीच्या बिलांनाच लागू आहे, आणि ग्राहकांच्या बिलांवर पेमेंटचा क्यूआर कोड छापण्याची सक्ती 500 कोटींच्या वर आहे. तुमच्या काजू-शर्टांच्या बिलांना ई-मेलने पाठवलेली पीडीएफ पुरते.

शेवटी परत आलेल्या मालाचे. ग्राहकाने शर्ट परत केला तर 2,625 परत करायचे आणि मूळ बिलाचा क्रमांक देऊन 2,500 मूल्य व 125 आयजीएसटीची क्रेडिट नोट काढायची. तो आकडा ऑर्डरच्या साठवलेल्या ओळीतून घ्यायचा, उत्पादनाच्या आजच्या नोंदीतून नाही. मध्येच दर बदलला किंवा तुम्ही शर्टाची किंमत बदलली, तरी क्रेडिट नोट जुन्याच दराने निघते. तुमच्याकडे 22 सप्टेंबर 2025 पूर्वीच्या विक्रीवरची काही परतफेड नव्या दराने झाली असेल, तर आता दुरुस्ती करताना ती बिलेही 2,699.10 च्या ऑर्डरींसोबत बाजूला काढा. त्या आर्थिक वर्षाच्या क्रेडिट नोटा विवरणपत्रात दाखवण्याची मुदत वर्ष संपल्यानंतरच्या 30 नोव्हेंबरपर्यंत असते, आणि त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र त्याआधीच भरले तर मुदत तेव्हाच संपते.